मधल्या सहा वर्षांचं काय सांगायचं?

नोकरीतल्या खंडाचा पहिला फटका मुलाखतीत बसत नाही. तो त्याच्या बराच आधी, कंपनीसाठी माणसं शोधणाऱ्या रिक्रूटरच्या संगणकावर बसतो. हिंजवडीतल्या किंवा ऐरोलीतल्या एखाद्या आयटी कंपनीला टेस्टर हवा असतो. रिक्रूटर नोकऱ्यांच्या साइटवर शोध टाकतो, शेकडो नावं समोर येतात आणि मग चाळणी लागते: अनुभव किती, शेवटचा पगार किती, नोटीस पीरियड किती, उमेदवार साइटवर शेवटचा कधी आला होता. ज्या बाईने २०१८ साली राजीनामा दिला आणि त्यानंतर प्रोफाइल उघडलंही नाही, ती या चाळणीत कुठे पडते हे सांगायला नको. तिने घरी का बसायचं ठरवलं, हे विचारण्याची वेळच येत नाही.

ही नुसती शंका नाही. अमेरिकेतल्या समाजशास्त्राच्या अभ्यासक कॅथरीन वाइसहार यांनी तिथल्या खऱ्या जाहिरातींना बनावट बायोडेटा पाठवून याचा छडा लावला. त्यांचा निबंध २०१८ साली प्रसिद्ध झाला. शिक्षण सारखं, अनुभव सारखा, फरक इतकाच की एक आई सध्या नोकरीत होती, दुसरीची नोकरी गेली होती आणि तिसरीने मुलांसाठी स्वतःहून नोकरी सोडली होती. नोकरीत असलेल्या आईला सुमारे १५ टक्के ठिकाणांहून उलट फोन आला. नोकरी गेलेलीला १० टक्क्यांच्या आसपास आणि स्वतःहून घरी थांबलेलीला जेमतेम ५ टक्के. म्हणजे जिला कामावरून काढलं तिच्यापेक्षा जिने काम सोडलं ती मालकांना जास्त खटकली. वडिलांच्या बाबतीतही चित्र जवळपास असंच निघालं. काम करता येईल का, यापेक्षा ‘ही परत सोडून जाईल’ हा संशय अधिक जड जातो, असा त्याचा सरळ अर्थ. पुढे बोलायचं काय आणि कसं, ते या एका संशयावरून ठरतं.

एक उदाहरण घेऊ. ते कुणा एकीचं नाही, पण पुण्यात अशा कितीतरी जणी भेटतील. ही टेस्टर २०११ साली इंजिनिअरिंग संपवून नोकरीला लागली. विमा कंपन्यांच्या सॉफ्टवेअरची तपासणी हे तिचं काम. बरंचसं हाताने, थोडं सेलेनियम वापरून. जवळपास सात वर्षांत दोन कंपन्या झाल्या, शेवटी ती चार जणांची टीम सांभाळत होती. २०१८ साली मूल लहान आणि सासरे अंथरुणाला खिळलेले, म्हणून राजीनामा. २०२४ साली मूल शाळेत रुळलेलं, घरातली दुसरी जबाबदारी संपलेली. आता परत जायचं आहे.

अशी बाई पहिल्या आठवड्यात काय करते? बायोडेटा काढते, तारखा नीट करते आणि दिसेल त्या जाहिरातीला पाठवून देते. पंधरा-वीस दिवस काहीच घडत नाही. मग तिला वाटतं की आपण कालबाह्य झालो, आणि ती एखाद्या महागड्या कोर्सची फी भरते. या क्रमात मोठी गफलत आहे. ती समजायला कंपन्यांतल्या शिफारशीच्या व्यवस्थेत थोडं डोकवावं लागेल.

बहुतेक मोठ्या आयटी कंपन्यांत कर्मचाऱ्याने ओळखीच्या माणसाचं नाव सुचवण्याची रीतसर सोय असते. त्याला सगळे ‘रेफरल’ म्हणतात. कर्मचारी कंपनीच्या आतल्या पोर्टलवर बायोडेटा चढवतो. सुचवलेला माणूस रुजू होऊन काही महिने टिकला की कर्मचाऱ्याला बक्षिसाची रक्कम मिळते. रेफरलने आलेला बायोडेटा त्या शेकडोंच्या ढिगात पडत नाही, वेगळा बघितला जातो. कारण सोपं आहे: या बाईचं काम बघितलेलं माणूस आपल्याच कंपनीत बसलेलं आहे. ‘परत सोडून जाईल’ या संशयाला परस्पर उत्तर देऊ शकेल असा एकमेव साक्षीदार तोच.

पण इथे एक पाचर आहे. त्याच कंपनीत तुमचा बायोडेटा आधीच एखाद्या कन्सल्टन्सीमार्फत किंवा साइटवरून गेलेला असेल, तर पोर्टल त्याला ‘डुप्लिकेट’ ठरवतं. ठरावीक महिने ती नोंद अडून बसते आणि मित्राने केलेली शिफारस धरली जात नाही. म्हणून दिसेल तिथे अर्ज टाकणाऱ्या बाईने नकळत स्वतःचीच वाट अडवलेली असते. ज्या कंपन्यांत ओळखीचं कुणी आहे, तिथे आधी माणूस गाठायचा. अर्जांचा मारा त्यानंतर, आणि तोही उरलेल्या कंपन्यांवर.

माणूस गाठायचा म्हटलं की पाय अडखळतो. ‘सहा वर्षांत दिवाळीच्या शुभेच्छासुद्धा दिल्या नाहीत, आता काम पडलं म्हणून फोन केला तर काय म्हणतील?’ ही भीड आपल्याकडे खास जपली जाते. गरजेपुरती आठवण काढणारा माणूस आपल्याला आवडत नाही, आणि आपण तसे ठरू याची धास्ती असते. म्हणून बायका सोपा मार्ग धरतात आणि रोज भेटणाऱ्यांना सांगून ठेवतात: बहिणीला, शेजारणीला, शाळेच्या गेटवरच्या मैत्रिणींना. या सगळ्या मायेच्या असतात, पण त्यांनी तिला काम करताना कधी बघितलेलं नसतं.

समाजशास्त्राला हा प्रकार फार पूर्वीपासून माहीत आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नुकतीच नोकरी बदललेल्यांना विचारलं होतं की ज्याच्याकडून ही नोकरी कळली, तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा. १९७३ साली छापलेल्या त्यांच्या गाजलेल्या निबंधात उत्तर आहे. नेहमी भेटणाऱ्याकडून नोकरी कळली असं सांगणारे सहांत एक होते. बाकीच्यांना ती कधीमधी किंवा क्वचित भेटणाऱ्याकडून कळली होती. रोजच्या माणसांना जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं. नवी बातमी लांबून येते.

पण परतणाऱ्यांसाठी याहून उपयोगी अभ्यास २०११ सालचा आहे. डॅनियल लेव्हिन, होर्हे वॉल्टर आणि कीथ मर्निघन या तिघांनी एक्झिक्युटिव्ह एमबीए करणाऱ्या व्यवस्थापकांना एक काम दिलं. तीन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ ज्याच्याशी बोलणं झालेलं नाही, अशा जुन्या ओळखीच्या माणसाला गाठायचं आणि सध्याच्या एखाद्या कामाबद्दल सल्ला विचारायचा. व्यवस्थापक आधी कुरकुरले. पण असा मिळालेला सल्ला रोजच्या सहकाऱ्यांच्या सल्ल्यापेक्षा सरासरीने जास्त कामाचा निघाला. जुन्या ओळखीत दोन गोष्टी एकत्र येतात. मधल्या काळात तो माणूस वेगळ्या जगात वावरलेला असतो, म्हणून त्याच्याकडे नवं काही असतं. आणि एकेकाळी शेजारच्या खुर्चीवर बसलेला असल्यामुळे विश्वास नव्याने कमवावा लागत नाही. बोलणं थांबलं म्हणून तो आटत नाही.

आपल्या टेस्टरला हे जसंच्या तसं लागू आहे. २०१८ साली तिच्या टीममध्ये जे होते, ते आज एका कंपनीत नाहीत. आयटीतली माणसं दोन-तीन वर्षांत बदलत राहतात, त्यामुळे एका टीमचे दहा जण आता सात-आठ कंपन्यांत पांगलेले असणार. त्या वेळचे ज्युनियर लीड झालेले, लीड मॅनेजर झालेले. तिचं वर्तुळ घरी बसून आकसलं असं तिला वाटतं. खरं तर तिच्या नकळत ते पसरलं आहे.

यादी करताना आवडीची माणसं आधी आठवतात, ते स्वाभाविक आहे. पण कामाची यादी वेगळ्या प्रश्नाने करावी: मी काम केलेलं कुणी पाहिलं आहे? जुना लीड, शेजारी बसणारा डेव्हलपर, ज्याच्या चुका आपण पकडायचो तो, ग्राहक कंपनीकडून येणारी बिझनेस अ‍ॅनालिस्ट, आणि हाताखाली शिकलेली पोरं. हा शेवटचा गट बहुतेक जणी गाळतात, कारण आपल्या ज्युनियरकडे काम मागायला अवघड वाटतं. पण टीममध्ये कुणाला घ्यायचं याचा निर्णय आज तेच घेत असतात, आणि टेस्टिंग तुमच्याकडून शिकलेला माणूस तुमच्याबद्दल हातचं राखून बोलत नाही. नंबर बदलले असतील तर जुन्या कंपनीच्या माजी कर्मचाऱ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो. लिंक्डइनवर कंपनीच्या नावाने शोधलं तरी माणसं सापडतात.

पहिल्या निरोपात नोकरी मागू नये. ‘काही असेल तर सांगा’ असं लिहिलं की समोरचा ‘हो, नक्की’ म्हणतो आणि विसरतो, कारण नेमकं करायचं काय हे त्याला कळलेलं नसतं. निरोपात आपण कोण याची खूण, खंडाचं एक वाक्य आणि पंधरा मिनिटांत उत्तर देता येईल असा प्रश्न असावा. जुन्या लीडला तिने असं काहीसं लिहावं:

‘नमस्कार सर. २०१४ ते १६ मी तुमच्या विम्याच्या प्रोजेक्टमध्ये टेस्टिंगला होते. रिलीजच्या आदल्या रात्री प्रीमियमच्या हिशोबातली चूक सापडली होती, तीच टीम. २०१८ ला घरच्या जबाबदारीमुळे नोकरी सोडली होती, आता परत सुरू करतेय. ऑटोमेशन नव्याने शिकतेय. तुमच्याकडे पाच-सात वर्षं अनुभवाचा टेस्टर घेताना हल्ली नेमकं काय बघतात, हे फोनवर विचारलं तर चालेल का? शनिवारी-रविवारी तुमच्या सोयीने.’

यात माफी नाही. ‘इतक्या वर्षांनी त्रास देतेय’ हे वाक्य प्रत्येकीच्या बोटांवर येतंच, ते खोडावं. प्रीमियमच्या हिशोबाची आठवण मात्र ठेवावी. त्या एका ओळीने समोरच्याच्या डोळ्यांपुढे तिचं काम उभं राहतं, आणि सहा वर्षांचा विषय आपोआप मागे सरकतो.

फोन झाला की दोन गोष्टी हाती येतात. एक म्हणजे आजच्या बाजाराची खरी मागणी. तिला कळतं की सेलेनियम अजून आहे, पण बऱ्याच टीम प्लेराइटकडे वळल्या आहेत. एपीआयची तपासणी आणि गिटवर काम करणं गृहीत धरलं जातं. आयएसटीक्यूबीच्या पायाभूत परीक्षेचा अभ्यासक्रम २०२३ साली बदलला, पण तिचं जुनं प्रमाणपत्र बाद झालेलं नाही, कारण त्याला मुदतच नसते. म्हणजे लाखभराच्या कोर्सऐवजी दोन-तीन महिन्यांचा घरचा अभ्यास आणि गिटहबवर ठेवलेला स्वतःचा छोटासा नमुना प्रकल्प पुरेल. दुसरी गोष्ट म्हणजे रेफरल, आणि त्याचं तिने नाव काढायची वेळ क्वचितच येते. बोलणं बरं झालं तर बहुतेक वेळा समोरचाच म्हणतो, ‘बायोडेटा पाठवून ठेव.’

आता तो बायोडेटा. ब्रिटनमध्ये झालेल्या एका मोठ्या प्रयोगाचा निष्कर्ष २०२३ साली ‘नेचर ह्युमन बिहेविअर’ या नियतकालिकात आला. मुलांसाठी थांबलेल्या आयांच्या नावाने नऊ हजारांहून अधिक अर्ज पाठवले गेले होते. काहींत प्रत्येक नोकरीपुढे ‘अमुक साल ते तमुक साल’ होतं, काहींत फक्त ‘४ वर्षं’, ‘३ वर्षं’ असा कालावधी. कालावधी लिहिलेल्यांना खंड उघड दिसणाऱ्या बायोडेटांपेक्षा सुमारे १५ टक्के जास्त फोन आले. वाचणाऱ्याची नजर भोकावर न जाता अनुभवावर गेली, इतकंच.

हा उपाय आपल्याकडे अर्धाच चालतो. नोकरीच्या साइटचे आणि कंपन्यांचे फॉर्म महिना-वर्ष मागतात, तिथे खरंच लिहावं लागतं. पण रेफरलने जाणाऱ्या बायोडेटावर वरच्या चार ओळींत ‘विमा क्षेत्रातल्या टेस्टिंगचा ७ वर्षं अनुभव’ हे आधी यावं, सालं खाली असावीत आणि खंडाची एक साधी नोंद असावी: ‘२०१८–२०२४: कौटुंबिक जबाबदारीसाठी विराम.’ लिंक्डइनने २०२२ साली ‘करिअर ब्रेक’ अशी वेगळी नोंद करायची सोयच दिली, तीही भरता येते. ‘गृहव्यवस्थापन’, ‘चीफ एक्झिक्युटिव्ह, होम’ वगैरे गमतीदार पदं टाळलेली बरी. वाचणारा हसतो, पण फोन करत नाही.

आणि खोटं तर मुळीच लिहू नये. मधली वर्षं ‘फ्रीलान्स’ काम दाखवा असा सल्ला बिनदिक्कत दिला जातो. आपल्याकडे रुजू होण्याआधी किंवा लगेच नंतर पार्श्वभूमीची तपासणी होते. भविष्यनिर्वाह निधीच्या यूएएन क्रमांकावर प्रत्येक नोकरीची सुरुवात आणि शेवट नोंदलेला असतो, फॉर्म १६ मागतात, रिलिव्हिंग लेटर मागतात. न केलेलं काम तिथे उघडं पडतं आणि हातात आलेलं ऑफर लेटर परत जातं. खंडामुळे नोकरी लांबते. खोटेपणा सापडला तर ती जातेच, वर त्या कंपनीत नावावर कायमचा शेरा बसतो.

मुलाखतीत तो प्रश्न येणारच. ‘मधली सहा वर्षं काय केलंत?’ बहुतेक जणी इथे दोनपैकी एका बाजूला घसरतात. काही जणी सासऱ्यांच्या आजारापासून पाळणाघर बंद पडण्यापर्यंत सगळं सांगत बसतात. काही जणी आक्रसून ‘पर्सनल रीझन’ म्हणून गप्प होतात. विचारणाऱ्याला यातलं काही नको असतं. त्याच्या मनात वाइसहार यांच्या प्रयोगातला तोच संशय असतो, आणि त्यालाच उत्तर हवं असतं. म्हणून उत्तरात तीन गोष्टी पुरतात आणि त्याच क्रमाने याव्यात: कारण काय होतं, ते आता का उरलेलं नाही, आणि सध्या काय चाललं आहे. ‘२०१८ मध्ये घरात लहान मूल आणि आजारी माणूस अशी दुहेरी जबाबदारी होती, म्हणून मी थांबले. आता मुलगा पूर्णवेळ शाळेत आहे, दुपारी सांभाळायला बाई आहेत आणि दुसरी जबाबदारी राहिलेली नाही. चार महिने प्लेराइटवर काम करतेय. प्रीमियम कॅल्क्युलेटरची एक नमुना तपासणी तयार केलीय, दाखवू का?’ शेवटच्या दोन शब्दांनी बोलणं पुन्हा कामावर येतं. हे अर्ध्या मिनिटात संपतं, आणि मोठ्याने बोलून सराव केल्याशिवाय अर्ध्या मिनिटात संपत नाही.

‘दुसऱ्या मुलाचा विचार आहे का?’, ‘मिस्टरांची बदली होते का?’ असे प्रश्न विचारणारे महाभाग अजून आहेत. त्यावर वाद घालण्यापेक्षा ‘या कामासाठी लागणारा वेळ मी देऊ शकते, त्याची व्यवस्था झालेली आहे’ हे वाक्य ठाम आवाजात पुरेसं होतं. तरीही विचारणारा थांबला नाही, तर त्या ऑफिसात पुढे काय वाट्याला येईल हे फुकटात कळलं असं समजावं.

परतणाऱ्यांच्या हातात एक हुकमाचं पान असतं, ते फारसं कुणी खेळत नाही. भारतीय आयटीत नोटीस पीरियड ६० ते ९० दिवसांचा असतो. नोकरीत असलेल्या उमेदवाराला निवडलं की कंपनी तीन महिने वाट बघते, आणि तेवढ्यात तो दुसरी ऑफर घेऊन निघूनही जातो. रिक्रूटरांना याचा इतका जाच झाला आहे की ‘इमिजिएट जॉइनर’ हा शब्द जाहिरातीतच असतो. खंडातून येणारी बाई उद्या रुजू होऊ शकते. प्रोफाइलवर नोटीस पीरियडच्या चौकटीत हे लिहायचं, आणि दर दोन-चार दिवसांनी प्रोफाइलमध्ये काहीतरी बदलून ते ताजं ठेवायचं. त्यामुळे सुरुवातीला सांगितलेल्या चाळणीतली दोन भोकं तरी तिच्या बाजूने पडतात.

पगाराची चौकट मात्र त्रासदायक असते. एचआर शेवटचा पगार विचारतं आणि त्यावर ठरावीक टक्के वाढ देऊ म्हणतं. २०१८ चा आकडा धरला तर नुकसान निश्चित. आकडा लपवू नये, पण जोडीला सांगावं की तो सहा वर्षांपूर्वीचा आहे आणि आज या पदाला बाजारात अमुक ते अमुक मिळतात. तो ‘अमुक’ जुन्या सहकाऱ्यांकडून आधीच विचारून ठेवायचा असतो. एखादी पायरी खालची मिळाली तर घेणं शहाणपणाचं असू शकतं, फक्त सहा महिन्यांनी फेरविचार होईल हे ईमेलमध्ये लिहून घ्यावं.

ज्यांच्याकडे जुनी ओळखच नाही, त्यांचं काय? पहिली नोकरी चार माणसांच्या फर्ममध्ये झाली, किंवा खंड बारा वर्षांचा आहे, अशांना वरचा मार्ग तोकडा पडतो. त्यांच्यासाठी परतणाऱ्यांचे खास कार्यक्रम आहेत. टाटा समूहाने २००८ साली खंड पडलेल्या बायकांसाठी सेकंड करिअर्स इंटर्नशिप सुरू केली. त्यात सवडीच्या वेळेत करायचा खरा प्रकल्प दिला जातो. विज्ञान शिकलेल्यांसाठी केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने पेटंटच्या कामाचं प्रशिक्षण चालवलं, त्याचं एक केंद्र पुण्यात सीएसआयआरच्या उर्डिप संस्थेत होतं. प्रयोगशाळेपासून दुरावलेल्या कितीतरी जणी त्यातून पेटंटच्या कामाकडे वळल्या. कंपन्यांच्या अशा कार्यक्रमांत शिरताना एक प्रश्न विचारायला लाजू नये: मागच्या तुकडीतल्या किती जणींना पक्की नोकरी मिळाली? सहा महिने राबवून ‘सध्या जागा नाही’ म्हणणारेही असतात. आकडा सांगायला जो टाळाटाळ करतो, त्याने उत्तर दिलेलंच असतं.

रुजू होताना एचआर जो गठ्ठा फॉर्म पुढे करतं, त्यात भविष्यनिर्वाह निधीचाही असतो. तिथे नवा यूएएन काढू देऊ नये, जुनाच द्यावा. पेन्शनसाठी एकूण दहा वर्षांची सेवा लागते, आणि मधल्या काळात पेन्शनची रक्कम काढून घेतली नसेल तर आधीची जवळपास सात वर्षं त्यात धरली जातात. आपल्या टेस्टरला मग तीन-साडेतीन वर्षंच कमी पडतात.